दोन महिन्यांची नोटीस आणि राजीनाम्यातली तारीख

खासगी नोकरीतला राजीनामा म्हणजे कर्मचाऱ्याने मालकाला दिलेली सूचना: अमुक मुदतीनंतर आपण कामावर नसू. ही मुदत किती, हे बहुतेक ठिकाणी नियुक्तीपत्रातच ठरलेले असते. कुठे एक महिना, कुठे तीन, आणि बऱ्याच कंपन्यांमध्ये दोन. पत्रात आभार कितीही मानले तरी त्यातला कामाचा मजकूर एवढाच असतो की नोटीस कोणत्या दिवशी दिली आणि नोकरीचा शेवटचा दिवस कोणता. यातली दुसरी तारीख अनेक जण लिहीतच नाहीत. ‘नियमानुसार मला कार्यमुक्त करावे’ असे लिहून मोकळे होतात आणि हिशेब मनुष्यबळ विभागावर, म्हणजेच एचआरवर, सोडून देतात. तो विभाग आपल्या सोयीने किंवा संगणकाच्या सवयीने मोजतो आणि जी तारीख निघते ती एक-दोन दिवसांनी, कधी आठवडाभरानेही, इकडेतिकडे झालेली असते. एवढ्याशा फरकाने काय बिघडू शकते, हे एका उदाहरणात नीट दिसते.

समजा, पुण्यातल्या एका खासगी कंपनीत लेखा विभागात काम करणारी एक कर्मचारी आहे. ती 16 मार्च 2021 रोजी रुजू झाली. पगार महिना 62,000 रुपये, त्यात मूळ वेतन 31,000. महागाई भत्ता वेगळा नाही. कंपनीत पाच दिवसांचा आठवडा, शनिवार-रविवार सुट्टी. नियुक्तीपत्रातल्या कलमात लिहिले आहे की नोकरी सोडताना दोन महिन्यांची लेखी नोटीस द्यावी लागेल किंवा तेवढ्या काळाचा पगार भरावा लागेल. दुसऱ्या कंपनीचे ऑफर लेटर हातात आले आणि बुधवारी, 14 जानेवारी 2026 रोजी, संक्रांतीच्या दिवशी तिने पेपर टाकले. नवी कंपनी म्हणते, सोमवारी 16 मार्चला या.

शेवटचा दिवस कोणता? या साध्या प्रश्नाला तीन उत्तरे मिळतात आणि तिन्ही देणारी माणसे आपापल्या जागी ठाम असतात. एक जण 14 जानेवारी हाच पहिला दिवस धरतो. त्याच्या हिशेबाने दोन महिने 13 मार्चला, शुक्रवारी, संपतात. दुसरा 14 जानेवारी सोडून 15 पासून मोजतो. त्याचे दोन महिने 14 मार्चला, शनिवारी, पुरे होतात. तिसरा म्हणतो दोन महिने म्हणजे साठ दिवस. तोही 15 जानेवारीपासून मोजतो: जानेवारीचे 17, फेब्रुवारीचे 28, झाले 45. उरलेले 15 मार्चमधले. त्याचा शेवटचा दिवस 15 मार्च, रविवार.

यातला पहिला हिशेब घरगुती व्यवहारात चालून जातो, पण कायद्याची रीत तशी नाही. मुदत ज्या घटनेपासून सुरू होते तो दिवस मोजायचा नाही आणि शेवटचा दिवस मात्र पूर्ण मोजायचा, असा नियम आहे. 1897 च्या सर्वसाधारण वाक्खंड अधिनियमाच्या नवव्या कलमात हे तत्त्व आहे. मुदत कायद्यातही हाच प्रकार आहे. हे अधिनियम मूळचे कायद्यांचा अर्थ लावण्यासाठी आणि कोर्टातल्या मुदतींसाठी केलेले, खासगी करारांसाठी नव्हेत. तरी करारात वेगळे काही लिहिलेले नसेल तर मोजणीची हीच पद्धत सरळ समजली जाते. तिच्यामागचे कारणही साधे आहे. कर्मचारीने पत्र दिवसभरात कधीही दिलेले असू शकते, सकाळी दहाला किंवा संध्याकाळी सहाला. तो अर्धामुर्धा दिवस मुदतीत धरला तर समोरच्याला पूर्ण दोन महिने मिळत नाहीत.

आता महिना म्हणजे काय? त्याच 1897 च्या अधिनियमात महिन्याची व्याख्या आहे. महिना म्हणजे ब्रिटिश, म्हणजे आपल्या रोजच्या, कॅलेंडरप्रमाणे धरलेला महिना. तीस दिवसांचा ठोकळा नव्हे. 2010 मध्ये हिमाचल प्रदेश सरकार आणि एक बांधकाम कंपनी यांच्यातल्या लवादाच्या वादात सर्वोच्च न्यायालयाला हाच मुद्दा सोडवावा लागला. कायद्यात मुदत ‘तीन महिने’ अशी होती आणि ती नव्वद दिवस धरायची की काय, असा प्रश्न होता. निवाडा सरकारला 12 नोव्हेंबर 2007 रोजी मिळाला असे धरून न्यायालयाने 13 नोव्हेंबरपासून मोजले आणि तीन महिने 12 फेब्रुवारी 2008 रोजी संपतात असे सांगितले. ज्या तारखेला घटना घडली, पुढच्या महिन्यातल्या त्याच आकड्याच्या तारखेला मुदत संपते. मधले महिने लहान-मोठे असतील त्याप्रमाणे दिवस कमीजास्त होतील, ते होऊ द्यायचे.

या न्यायाने 14 जानेवारीची दोन महिन्यांची नोटीस 14 मार्चला संपते. मधे दिवस भरतात 59, साठसुद्धा नाहीत, कारण फेब्रुवारी आडवा येतो. एरवी हा फरक उलट दिशेने जातो. 1 जुलैला दिलेली दोन महिन्यांची नोटीस 1 सप्टेंबरला संपते आणि 62 दिवसांची होते, तर साठ दिवस 30 ऑगस्टलाच भरतात. थोडक्यात, दोन महिने 59 ते 62 दिवसांचे असतात. म्हणून कलमात ‘60 दिवस’ लिहिले आहे की ‘दोन महिने’, हे आधी नियुक्तीपत्र उघडून पाहायला हवे. शेजारच्या टेबलावरच्या माणसाला विचारून हे कळत नाही, कारण त्याचे पत्र वेगळ्या वर्षीचे असते आणि कंपन्या मधल्या काळात मसुदे बदलतात. नियुक्तीपत्रात एक आणि नंतरच्या एचआर धोरणात दुसरेच लिहिलेले असेल, तर बढतीच्या वेळी सही करून दिलेले एखादे सुधारित पत्र आहे का, हेही शोधावे. प्रोबेशनवरच्या माणसाची नोटीस बहुधा वेगळी आणि आखूड असते.

महिनाअखेरीला पेपर टाकणाऱ्याला आणखी एक अडचण येते. 31 डिसेंबरला नोटीस दिली तर दोन महिन्यांनी 31 फेब्रुवारी यायला हवी, ती तर नाहीच. अशा वेळी त्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी मुदत संपते, म्हणजे 28 फेब्रुवारीला. त्यामुळे 28, 29, 30 आणि 31 डिसेंबर या चारही दिवशी दिलेल्या नोटिशा एकाच दिवशी संपतात. विचित्र वाटते, पण इंग्लंडच्या हाऊस ऑफ लॉर्ड्सने 1981 मध्ये डॉड्स विरुद्ध वॉकर या खटल्यात अशा मोजणीचा प्रश्न तपासला होता आणि आपल्या सर्वोच्च न्यायालयानेही वर सांगितलेल्या निकालात त्याचा आधार घेतला. त्या इंग्रजी खटल्यात 30 सप्टेंबरला मिळालेल्या नोटिशीनंतरचे चार महिने 30 जानेवारीला संपले असे ठरले. भाडेकरूने 31 जानेवारीला अर्ज केला होता. सप्टेंबरचा शेवटचा दिवस म्हणून जानेवारीचा शेवटचा दिवस, असा त्याचा युक्तिवाद होता. तो टिकला नाही आणि एका दिवसाने त्याचा अर्ज बाद झाला.

हा हिशेब एक्सेलमध्ये एका ओळीत होतो. कॅलेंडरच्या महिन्यांसाठी आणि दिवसांसाठी सूत्रे वेगळी आहेत:

```
=EDATE(DATE(2026,1,14),2)
=DATE(2026,1,14)+60
```

पहिल्याचे उत्तर 14 मार्च 2026, दुसऱ्याचे 15 मार्च 2026. उत्तराच्या जागी पाच आकडी संख्या दिसली तर त्या चौकटीला तारखेचे स्वरूप द्यावे लागते. डिसेंबरच्या 31 तारखेला पहिले सूत्र लावले तर तेही मुकाट्याने 28 फेब्रुवारी दाखवते, म्हणजे कोर्टाची रीत त्याला ठाऊक असल्यासारखे वागते. एचआरच्या सॉफ्टवेअरमध्ये मात्र कोणते सूत्र भरले आहे हे बाहेरून दिसत नाही. पुष्कळ ठिकाणी नोटीस दिवसांत भरून ठेवलेली असते, करारात महिने असले तरी.

सॉफ्टवेअरची दुसरी खोड जास्त महागात पडते. कर्मचारी पोर्टलवर राजीनामा टाकते, तो साहेबांच्या मंजुरीसाठी जातो, साहेब ‘आधी बोलू या’ म्हणून आठवडाभर बटण दाबत नाहीत आणि यंत्रणा नोटीस मंजुरीच्या दिवसापासून मोजते. उदाहरणातल्या कर्मचारीचा राजीनामा 21 जानेवारीला मंजूर झाला, तर पोर्टलवर शेवटचा दिवस 21 मार्च दिसेल. करारात ‘लेखी नोटीस दिल्यापासून’ असे असेल तर ही मोजणी चुकीची आहे. खासगी नोकरीतली नोटीस देण्यासाठी समोरच्याची परवानगी लागत नाही, ती त्याला पोचली की सुरू होते. सरकारी सेवेत गोष्ट वेगळी आहे, तिथे राजीनामा स्वीकारला जावा लागतो. काही खासगी संस्थांच्या सेवाशर्तींतही तशी अट असते. म्हणून पोर्टलवर टाकलेला राजीनामा त्याच दिवशी ईमेलनेही पाठवावा, साहेबांना आणि एचआरला एकत्र, आणि त्याची एक प्रत स्वतःच्या खासगी पत्त्यावर ठेवावी. शेवटच्या दिवशी कंपनीचा ईमेल बंद होतो आणि पुरावाही त्याच्याबरोबर जातो.

ईमेल कधी पोचला, हा प्रश्न 2000 च्या माहिती तंत्रज्ञान अधिनियमाने बराचसा सोडवला आहे. ईमेल घेण्यासाठी समोरच्याने जी यंत्रणा ठरवली आहे तिच्यात संदेश शिरला की तो मिळाला असे धरले जाते. साहेबांनी तो उघडला की नाही, याला महत्त्व नाही. तरीही रात्री पावणेबाराला पाठवलेल्या राजीनाम्यावरून वाद होतोच. तो दिवस आजचा की उद्याचा, यावर दोन्ही बाजूंना बोलता येते. कामाच्या वेळात पाठवले की हा विषयच संपतो.

इथपर्यंत 14 मार्च हे उत्तर पक्के झाले. पण 14 मार्चला शनिवार आहे आणि कंपनी बंद. मग शेवटचा दिवस शुक्रवार धरायचा की सोमवार? सरकारी कार्यालयांत आणि कोर्टांत मुदतीचा शेवटचा दिवस सुट्टीचा आला तर काम पुढच्या दिवशी करता येते, म्हणून नोटीसही सोमवारवर जाते असे अनेकांना वाटते. तो नियम अर्ज भरणे, दावा दाखल करणे अशा कृतींसाठी आहे. नोटिशीच्या शेवटच्या दिवशी काही दाखल करायचे नसते, नुसता काळ सरायचा असतो, आणि तो शनिवारीही सरतो. नोटिशीत रविवार, सण, सुट्ट्या सगळे मोजले जातात. त्यामुळे या प्रकरणात दोन वेगळ्या तारखा तयार होतात. प्रत्यक्ष कामाचा शेवटचा दिवस शुक्रवार, 13 मार्च. नोकरी संपण्याचा दिवस शनिवार, 14 मार्च. लॅपटॉप, ओळखपत्र, नो ड्यूजच्या सह्या हे सगळे शुक्रवारी उरकायचे. पगार मात्र 14 दिवसांचा मिळायला हवा. 62,000 ला मार्चच्या 31 दिवसांनी भागले तर रोजचे 2,000 होतात, म्हणजे एका शनिवारचे दोन हजार रुपये.

आयटी कंपन्यांत ‘एलडब्ल्यूडी’ हे एकच अक्षरसंक्षेप दोन्ही तारखांसाठी वापरतात आणि तिथेच घोटाळा होतो. रिलीव्हिंग लेटरवर कोणती तारीख येणार, हे आधी विचारलेले बरे. पगाराचे दोन हजार गेले तर फार नाही, पण तारखेवर याहून मोठ्या गोष्टी अवलंबून असतात.

या कर्मचारीची रुजू होण्याची तारीख पुन्हा पाहिली तर ते लक्षात येते. 16 मार्च 2021 पासून मोजलेली पाच वर्षे 15 मार्च 2026 रोजी पुरी होतात. ग्रॅच्युइटीसाठी कायम कर्मचाऱ्याला सलग पाच वर्षांची सेवा लागते. 1972 च्या कायद्यात ही अट होती आणि आता त्याची जागा घेतलेल्या सामाजिक सुरक्षा संहितेतही ती कायम कर्मचाऱ्यांसाठी ठेवली आहे. ग्रॅच्युइटीचे सूत्र सोपे आहे: शेवटचे मासिक वेतन भागिले 26, गुणिले 15, गुणिले सेवेची वर्षे. वेतन म्हणून इथे मूळ पगाराचे 31,000 धरायचे. त्याला 26 ने भागून 15 ने गुणले की वर्षाला साधारण 17,885 रुपये येतात आणि पाच वर्षांचे 89,423. नोकरी 14 मार्चला संपली तर पाच वर्षांना एक दिवस कमी पडतो. 13 मार्च लिहिला तर दोन दिवस. करारात साठ दिवस असते तर 15 मार्चला पाच वर्षे बरोबर भरली असती.

एका दिवसाने सगळे बुडते असे मात्र नाही. ग्रॅच्युइटीच्या कायद्यात ‘सलग सेवा’ कशाला म्हणायचे याची तरतूद आहे आणि बारा महिन्यांत ठरावीक दिवस, साधारणपणे 240, काम झाले असले तर ते एक वर्ष धरले जाते. त्यावरून चार वर्षे आणि पाचव्या वर्षातले 240 दिवस पुरेसे आहेत, असा निकाल मद्रास उच्च न्यायालयाने 1998 मध्ये दिला. त्या आधारे या कर्मचारीला मागणी करता येईल. पण सगळ्या कंपन्या ती आपणहून मान्य करत नाहीत, आणि नाही म्हणाल्या तर नियंत्रक अधिकाऱ्याकडे अर्ज, सुनावणी, तारखा असा रस्ता आहे. जी गोष्ट एका ओळीत टळते तिच्यासाठी इतका खटाटोप कशाला करायचा? नोटीस दोन महिन्यांची म्हणजे किमान दोन महिन्यांची. कर्मचारीने आपणहून दोन दिवस जास्त दिले तर करार मोडत नाही. तिने शेवटचा दिवस सोमवार, 16 मार्च लिहावा. त्या दिवशी कंपनी उघडी असते, पाच वर्षे आदल्या दिवशीच भरलेली असतात आणि काम व नोकरी दोन्हींची शेवटची तारीख एकच येते. नव्या कंपनीला रुजू होण्याची तारीख आठवडाभर पुढे न्यायला सांगावे लागेल. 19 मार्चला गुढीपाडवा आहे, तेव्हा सोमवार, 23 मार्च मागायला हरकत नाही. मागणी आता, जानेवारीत करायची, मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात नव्हे.

असे जास्त दिवस देताना एक शक्यता लक्षात ठेवावी. कंपनी ‘उद्यापासून येऊ नका’ असे म्हणू शकते. तसे झाले तर उरलेल्या नोटिशीचा पगार द्यायचा की नाही हे कराराच्या शब्दांवर ठरते, आणि करारातले दोन महिने संपल्यावरच्या दोन दिवसांवर कर्मचारीचा हक्क तितका भक्कम नसतो. म्हणून ग्रॅच्युइटीचा प्रश्न असेल तर शक्यतो राजीनामाच पाच दिवस उशिरा द्यावा. 19 जानेवारीला दिला असता तर दोन महिने आपोआप 19 मार्चवर गेले असते आणि काही मागावे लागले नसते. ऑफर लेटरवर सही करण्याआधी रुजू झाल्याची तारीख आणि नोटीस कागदावर एकदा मांडून पाहिली की हे कळते.

आता पत्र. ते मराठीत लिहिले काय, इंग्रजीत लिहिले काय, परिणाम तोच. कंपनीचा पत्रव्यवहार इंग्रजीत असेल तर इंग्रजी सोयीचे, पतसंस्था, साखर कारखाना किंवा शिक्षण संस्थेत मराठी. लांबी दहा ओळींपेक्षा जास्त नको.

> दिनांक: 14 जानेवारी 2026
>
> प्रति,
> मा. व्यवस्थापक, मनुष्यबळ विभाग
>
> विषय: लेखापाल पदाचा राजीनामा
>
> महोदय,
>
> मी दि. 16 मार्च 2021 पासून आपल्या कंपनीत लेखापाल या पदावर काम करत आहे. या पत्राद्वारे मी पदाचा राजीनामा देत आहे.
>
> नियुक्तीपत्रानुसार दोन महिन्यांची नोटीस आवश्यक आहे. आजचा दिवस वगळता ती 15 जानेवारी 2026 रोजी सुरू होते आणि 14 मार्च 2026 रोजी पूर्ण होते. 14 व 15 मार्च रोजी कार्यालयाला साप्ताहिक सुट्टी असल्याने आणि कामाचे हस्तांतर कार्यालयीन दिवशी पूर्ण व्हावे म्हणून मी सोमवार, दि. 16 मार्च 2026 पर्यंत सेवेत राहीन. तोच माझ्या सेवेचा शेवटचा दिवस धरावा.
>
> ही तारीख मान्य असल्याचे कृपया लेखी कळवावे. मार्चअखेरच्या हिशेबाची कामे सोपवण्याची यादी मी स्वतंत्रपणे देत आहे.
>
> आपली विश्वासू,

या पत्रात नोकरी का सोडली हे नाही, आणि ते असायची गरजही नाही. तक्रारी लिहिणे तर टाळावेच, त्या एक्झिट इंटरव्ह्यूमध्ये सांगता येतात. मोजणी मात्र पूर्ण मांडली आहे: कोणते कलम, कोणता दिवस वगळला, मुदत कधी संपते, पुढचे दोन दिवस का. असे लिहिल्याने एचआरला नुसते ‘आमच्या सिस्टीममध्ये 21 तारीख येते’ असे म्हणता येत नाही. त्यांना मोजणीतली चूक दाखवावी लागते. ‘लवकरात लवकर’, ‘आपल्या सोयीने’, ‘मार्चच्या मध्यापर्यंत’ असले शब्द सौजन्याचे वाटतात, पण त्यांतून कुठलीच तारीख निघत नाही.

पत्रात पुढची तारीख लिहिण्याचा आणखी एक परिणाम होतो. राजीनामा त्या तारखेला लागू होतो, तोपर्यंत माणूस नोकरीत असतो, आणि साधारणपणे तोपर्यंत तो परत घेता येतो. हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने 1978 च्या गोपाल चंद्र मिश्र प्रकरणात मांडले, आणि राजीनामा देणारे होते अलाहाबाद उच्च न्यायालयाचे एक न्यायमूर्ती. त्यांनी 7 मे 1977 रोजी राष्ट्रपतींना पत्र लिहून 1 ऑगस्टपासून पद सोडत असल्याचे कळवले आणि 15 जुलैला ते मागे घेतले. बहुमताने ठरले की मागे घेणे वैध आहे. पण याला मर्यादा आहेत. एअर इंडिया एक्स्प्रेसच्या एका वैमानिकेने सहा महिन्यांच्या नोटिशीत राजीनामा मागे घेतला, तेव्हा 2019 मधल्या निकालात न्यायालयाने तिला साथ दिली नाही. वैमानिकांची लांब नोटीस कंपनीला बदली माणूस तयार करता यावा म्हणूनच नियमात घातली होती, हे कारण दिले. शिवाय खासगी कंपनीने राजीनामा स्वीकारून शेवटची तारीख दोघांच्या संमतीने ठरवली असेल, तर मन बदलल्यावर परत येण्याची वाट बहुतेक बंद झालेली असते.

नोटिशीच्या दोन महिन्यांत शेवटची तारीख दोन कारणांनी हलते. एक म्हणजे रजा. नोटिशीच्या काळात घेतलेल्या रजेइतकी नोटीस वाढेल, असे कलम अनेक कंपन्यांत असते. ते लेखी नसेल तर आजारपणाच्या तीन दिवसांमुळे 16 मार्चची 19 मार्च होत नाही. उलट शिल्लक रजा नोटिशीतून वजा करून लवकर सुटायचे असेल तर त्यालाही कंपनीची संमती लागते, तो कर्मचाऱ्याचा आपोआप हक्क नाही. दुसरे कारण म्हणजे नोटीस विकत घेणे, ज्याला सगळे बायआउट म्हणतात. समजा, नव्या कंपनीला घाई आहे आणि या कर्मचारीला 28 फेब्रुवारीलाच निघायचे आहे. ग्रॅच्युइटीचे पाणी तिने सोडले असे धरू. मार्चचे 14 दिवस कमी पडतात. पूर्ण पगारावर रोजचे 2,000 धरले तर 28,000 रुपये भरावे लागतील, मूळ वेतनावर रोजचे 1,000 धरले तर 14,000. कलमात नुसते ‘पगार’ असे लिहिले असेल तर कोणता, हे लेखी विचारावे. भागाकार 31 ने, 30 ने की 26 ने करायचा, हेही त्याच पत्रात विचारून घ्यावे. न भरता निघून गेले तर कंपनीला नुकसानभरपाई मागता येते, अंतिम हिशेबातून वसुली करता येते, पण कोर्ट कुणालाही जबरदस्तीने कामावर बसवत नाही.

शेवटच्या दिवसानंतर ही तारीख तीन ठिकाणी तपासायची असते. वेतन संहितेनुसार राजीनामा दिलेल्याचे वेतन कामाच्या दोन दिवसांत द्यायचे आहे, म्हणजे 16 मार्चला नोकरी संपली तर मार्चच्या 16 दिवसांचे 32,000 रुपये 18 मार्चपर्यंत. ‘फुल अँड फायनल’ला दीड महिना लावायची जुनी सवय मात्र अजून सगळीकडून गेलेली नाही. ग्रॅच्युइटीला तीस दिवसांची मुदत आहे, ती 15 एप्रिलला संपते. रिलीव्हिंग लेटरवर 16 मार्च हवी. आणि भविष्य निर्वाह निधीच्या खात्यात नोकरी सोडल्याची तारीख म्हणूनही तीच हवी. तिथे कंपनीने चुकून 31 मार्च भरली, तर नव्या नोकरीची 23 मार्च तिच्या आत येते आणि एकाच वेळी दोन नोकऱ्या केल्यासारखे दिसते. नवी कंपनी पार्श्वभूमी तपासणीत नेमके हेच पाहते. जुन्या कंपनीने तारीख भरलीच नाही, तर शेवटचे अंशदान जमा झाल्यापासून दोन महिन्यांनी सदस्याला आपल्या यूएएनने लॉगिन करून ती स्वतः भरता येते. आधार आणि मोबाइल क्रमांक जोडलेला असावा लागतो. एकदा भरलेली तारीख बदलणे मात्र किचकट आहे, म्हणून भरण्याआधी रिलीव्हिंग लेटर समोर ठेवावे.